थांबणं आणि थांबवणं : नकोशा लैंगिक अनुभवानंतरची भीती आणि भरवसा

नकोशा लैंगिक अनुभवातून गेलेल्या माणसाला आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे 'झालं गेलं विसर, कामात मन गुंतव.' दुसरा, जरा वाचन केलेल्यांकडून येणारा, 'भीतीला सामोरी जा.' पहिला सल्ला बहुतेक वेळा अपाय करतो. दुसरा निम्मा बरोबर आहे, आणि उरलेल्या निम्म्यात तो पहिल्याइतकाच घातक ठरू शकतो. रस्ता, बस, गर्दी, अंधार यांची भीती आणि जवळच्या माणसाच्या स्पर्शाची भीती वरून सारखीच दिसते, पण दोन्हींवरचा उपाय एक नाही. एकीत भीती वाटत असतानाही टिकून राहायचं असतं, तर दुसरीत भीती वाटताच समोरच्याला थांबवायचं असतं. हा फरक न कळल्यामुळे समजूतदार नवरे, प्रेमळ मित्र आणि कधीकधी समुपदेशकही चांगल्या हेतूने नुकसान करतात.

मांडणीसाठी एक उदाहरण सोबत घेऊ. ते कोणा एका व्यक्तीचं नाही. समुपदेशनाच्या खोलीत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी जुळवून ते उभं केलं आहे आणि त्यातले आकडे नमुन्याचे आहेत. तेवीस-चोवीस वर्षांची एक मुलगी कराडहून पुण्यात आली. आंबेगाव पठारावर दोघी मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते आणि कात्रजहून बस धरून स्वारगेटजवळच्या ऑफिसात जाते. वर्षभर ज्याच्याशी प्रेमसंबंध होते, त्या मुलाने एका संध्याकाळी ती 'नको' म्हणत असताना ऐकलं नाही. मारहाण झाली नाही, धमकी दिली गेली नाही. ती तक्रार करायला गेली नाही, कारण ह्याला नेमकं काय म्हणायचं हे तिचं तिलाच ठरवता येईना. यात अपवादात्मक काही नाही. पोलिसांत नोंदल्या जाणाऱ्या बलात्काराच्या प्रकरणांतही दहातल्या नऊहून अधिक वेळा आरोपी ओळखीचाच असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत.

चार महिन्यांनी तिची स्थिती अशी होती. गर्दीच्या बसमध्ये मानेमागे कुणाचा श्वास जाणवला की छातीत धडधड सुरू होते, म्हणून ती रिक्षाने जाते आणि पगारातला मोठा हिस्सा त्यात घालवते. एका विशिष्ट डिओडरंटच्या वासाने मळमळतं. मासिक पाळी आली की स्वतःच्याच शरीराचा राग येतो. आणि रात्री दिवा मालवला की एकच प्रश्न डोकं वर काढतो : मी ओरडले का नाही?

शरीराने काय केलं

सुरुवात याच प्रश्नापासून करावी लागते, कारण तो सुटल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही.

संकटात प्राणी एकतर लढतो नाहीतर पळतो, हे शाळेपासून आपण ऐकलेलं असतं. तिसरी शक्यता सांगायची राहून जाते. सुटका अशक्य आहे असं मेंदूच्या खालच्या, जुन्या भागांना वाटलं की हातपाय जड होतात, आवाज फुटत नाही, शरीर ताठ किंवा लुळं पडतं. माणूस शुद्धीवर असतो आणि सगळं कळत असतं, पण हालचाल होत नाही. याला जडवत अवस्था म्हणू. ती ठरवून येत नाही आणि ठरवून मोडताही येत नाही. 2017 साली स्टॉकहोममधल्या एका आपत्कालीन केंद्रात लैंगिक अत्याचारानंतर आलेल्या 298 स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या 70 टक्के स्त्रियांनी अशी जडवत अवस्था लक्षणीय प्रमाणात अनुभवली होती, तर 48 टक्के स्त्रियांत ती तीव्र होती. ज्यांना ती आली होती, त्यांच्यात सहा महिन्यांनी आघातोत्तर तणाव विकार आणि तीव्र नैराश्याचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणजे प्रतिकार न करणाऱ्याला कमी त्रास झाला असेल हा अंदाज साफ उलटा ठरतो.

महाराष्ट्राला हा मुद्दा नवा नसायला हवा. 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आरोपींना सोडलं, आणि त्यात अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, यावर भर होता. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार यांच्याबरोबर त्यात रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार ही मराठी नावंही होती. त्यातून उठलेल्या चळवळीमुळे 1983 मध्ये कायदा बदलला. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं मानता येणार नाही, हे स्पष्टीकरण मात्र 2013 च्या दुरुस्तीत आलं. तरीही 25 फेब्रुवारी 2025 रोजी पहाटे स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका प्रवासी तरुणीवर अत्याचार झाल्याची तक्रार आली, तेव्हा चर्चा पुन्हा तिथेच गेली. आसपास माणसं होती, मग ती ओरडली का नाही? राज्याच्या गृहराज्यमंत्र्यांनीही तिथे झटापट झाली नसल्याच्या अर्थाचं विधान केलं आणि त्यावर टीका झाली. ज्या मुलीच्या बसचा शेवटचा थांबाच स्वारगेट आहे, तिने ते सगळं मोबाइलवर वाचलं असणार. तिच्या रात्रीच्या प्रश्नाला असं बाहेरूनही खतपाणी मिळत असतं.

या प्रश्नावर काम कसं होतं, ते जवळून पाहू. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया रेसिक यांनी बलात्कारातून वाचलेल्या स्त्रियांसाठी एक उपचारपद्धती बसवली. साधारण बारा बैठकांची ही पद्धत अडकलेले विचार शोधते आणि त्यांची उलटतपासणी करते. आपल्या उदाहरणात ती बैठक काहीशी अशी होईल.

"ओरडले असते तर झालंच नसतं, ताई."

"ओरडावं की नाही, हे ठरवायला तुला वेळ मिळाला होता का?"

"नाही. एकदम अंग जड झालं. तोंडातून शब्दच बाहेर पडेना."

"म्हणजे ओरडता येत होतं आणि तू ओरडली नाहीस, असं झालं का?"

समुपदेशक 'तुझी चूक नव्हती' असं म्हणत नाही, हे लक्षात घ्यावं. ते वाक्य मुलीने मैत्रिणींकडून वीसदा ऐकलेलं असतं आणि त्याने काही बदललेलं नसतं. तपशील तिच्याच तोंडून निघतात आणि निष्कर्षही तिनेच काढायचा असतो. शिवाय हा विचार एका बैठकीत सुटत नाही, कारण त्याचा तिला एक उपयोगही असतो. चूक माझी असेल तर पुढच्या वेळी मी ती टाळू शकेन, म्हणजे जग माझ्या हातात आहे. दोष सोडून द्यायचा तर नीट वागूनही आपल्याला इजा होऊ शकते, हे मान्य करावं लागतं. अनेकींना अपराधीपणापेक्षा ही कबुली जड जाते. म्हणून चौथ्या-पाचव्या बैठकीत रडू वाढलं, तर उपचार बिघडला असं समजू नये. बहुधा दोषाची जागा दुःख घेऊ लागलेलं असतं.

आणखी एक गोष्ट आहे, जी लाजेने कुणी विचारत नाही. काहींच्या शरीराने त्या वेळी लैंगिक प्रतिसाद दिलेला असतो. ओलावा येणं, पुरुषांत ताठरता येणं, क्वचित त्यापुढेही. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हा स्पर्शाला मिळालेला शारीरिक प्रतिसाद आहे, इच्छेचा किंवा संमतीचा पुरावा नाही. अत्याचार झालेल्या मुलग्यांना आणि पुरुषांना हे वाक्य वेळेवर कुणी सांगत नाही, आणि 'मलाच हवं होतं की काय' या शंकेत ते वर्षानुवर्षं काढतात. त्यांची आणखी एक अडचण अशी की 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत प्रौढ पुरुषावरच्या बलात्कारासाठी स्वतंत्र कलमच उरलेलं नाही. कायद्यात नाव नसलेला अनुभव सांगायचा कसा, हा त्यांचा प्रश्न खराच आहे.

भीती टिकते कशावर

पहिल्या काही आठवड्यांत झोप उडणं, दचकणं, प्रसंग डोळ्यांसमोर येणं हे जवळजवळ सर्वांना होतं. अमेरिकेत 1992 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बलात्कारानंतर साधारण बारा दिवसांनी 94 टक्के स्त्रियांत आघातोत्तर तणावाची लक्षणं आढळली, आणि तीन महिन्यांनी हे प्रमाण 47 टक्क्यांवर आलं. म्हणजे अर्ध्याजणींचं मन विशेष उपचारांशिवायही सावरू लागतं. याच कारणाने पहिल्याच आठवड्यात धरून बसवून 'सगळं सविस्तर बोल' म्हणणं चुकीचं ठरतं. अशा एकाच बैठकीत सक्तीने बोलतं करण्याने पुढचा विकार टळत नाही, उलट काहींना अपाय होतो, हे अनेक चाचण्यांतून दिसलं आहे आणि जागतिक आरोग्य संघटना तसं करू नये असंच सांगते. त्या काळात झोपेच्या गोळ्यांच्या कुटुंबातली शामक औषधं सर्रास देण्यालाही तिचा विरोध आहे. सुरुवातीला लागतं ते सुरक्षित घर, जेवण, झोप, एक विश्वासाचं माणूस आणि वेळेत वैद्यकीय मदत. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यावी लागतात, आणि गर्भधारणा टाळणारी गोळी जितकी लवकर घ्यावी तितकी उपयोगी. उपचार सरकारी आणि खासगी रुग्णालयांनी मोफत द्यायचे असतात आणि त्यांना पोलीस तक्रारीची अट घालता येत नाही. वय अठराच्या आत असेल तर मात्र पॉक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे.

उरलेल्या अर्ध्याजणींत लक्षणं का टिकतात? यावर सर्वांत भक्कम काम मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांचं आहे, आणि त्यांचं उत्तर साधं आहे : टाळण्यामुळे. बस टाळली की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं. मेंदू त्यातून शिकतो की बसमध्ये नक्कीच धोका होता आणि आपण टाळलं म्हणूनच वाचलो. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो तेव्हा निदान ताक पोटात जातं आणि ते गार असल्याचं कधीतरी कळतं. टाळणाऱ्याला ते कळायची संधीच मिळत नाही. म्हणून आपली मुलगी आधी गर्दीची बस टाळते, मग रिकामीही, मग संध्याकाळी सातनंतर बाहेर पडणं, मग ऑफिसचं स्नेहसंमेलन. चार महिन्यांत आयुष्य फ्लॅट आणि रिक्षा एवढ्यात मावू लागतं.

बस : टिकून राहण्याचा अभ्यास

इथे 'सामोरी जा' हा सल्ला लागू पडतो, पण पायऱ्यांनी. समुपदेशक तिच्याकडून भीतीचा अंक काढून घेतो, शून्य म्हणजे निवांत आणि शंभर म्हणजे सहन होण्यापलीकडे. सकाळी साडेनऊची खच्चून भरलेली स्वारगेट गाडी तिला नव्वद वाटते. दुपारी कात्रजच्या थांब्यावर नुसतं उभं राहणं पस्तीस. या दोहोंच्या मधल्या पायऱ्या जागा बघून बसवता येतात, आणि त्यासाठी कात्रज सोयीचं आहे. गाडी इथूनच सुटते, त्यामुळे रिकाम्या गाडीत आधी चढून मनाजोगी जागा मिळते. पहिल्या दिवशी सुटायच्या आधीच गाडीत बसायचं आणि भारती विद्यापीठाला उतरायचं. मग महिलांच्या बाजूला खिडकीशी बसून बालाजीनगर ओलांडून पद्मावतीपर्यंत. मग स्वारगेटपर्यंत, पण खिडकीऐवजी मधल्या वाटेच्या बाजूला. मग उभं राहून. साडेनऊची गाडी सगळ्यांत शेवटी.

प्रत्येक पायरीवर चढण्याआधी तिने लिहायचं : काय होईल असं मला वाटतंय? 'मला चक्कर येईल, मी किंचाळेन, सगळे बघतील.' उतरल्यावर लिहायचं : काय झालं? अंक सत्तरवर गेला, पद्मावतीपर्यंत पन्नासवर आला, चक्कर आली नाही. अंक खाली आलाच पाहिजे असा हट्ट पूर्वी धरत. आता भर याच्यावर असतो की भाकीत खोटं ठरलं का. अंक उतरला नाही तरी चालतं, तिने गाडी सोडली नाही हे महत्त्वाचं. तीच पायरी तीन-चार वेळा, वेगवेगळ्या वेळी केली तरच शिकलेलं पक्कं होतं.

यात बिघाड दोन ठिकाणी होतो. पहिला सहज लक्षात येत नाही. मुलगी रोज स्वारगेटला जाते, अंक तीसच्या वर जात नाही, पण दोन आठवड्यांनीही एकटीने चढायचं म्हटलं की पुन्हा ऐंशी. विचारल्यावर कळतं की ती सगळा वेळ मैत्रिणीशी फोनवर बोलत असते आणि सॅक छातीशी घट्ट धरलेली असते. मग मेंदू श्रेय बसला देत नाही, फोनला देतो. हे आधार एकदम काढून घ्यायचे नसतात, एकेका पायरीला एकेक सोडायचा असतो. दुसरा बिघाड म्हणजे अंक ऐंशीवर असताना मध्येच उतरून जाणं. बालाजीनगरला उतरली, हायसं वाटलं, आणि भीती आणखी घट्ट बसली. त्यावर रागावून उपयोग नाही. दुसऱ्याच दिवशी एक पायरी खाली येऊन परत जायचं.

तिसऱ्या गोष्टीला मी बिघाड म्हणत नाही. पुण्याच्या बसमध्ये खरोखरच हात लावणारे असतात. परदेशी पुस्तकांतून उचललेल्या आराखड्यात ही ओळ सापडत नाही आणि आपल्याकडचे काही समुपदेशकही ती विसरतात. धोका नसलेल्या ठिकाणची भीती कमी करायची असते. मागून कुणी खेटत असेल तर 'टिकून राहा' हा नियम त्या क्षणी रद्द होतो. जागा बदलायची, आवाज चढवायचा, कंडक्टरला सांगायचं, गरज पडली तर उतरायचं. त्या दिवशीच्या वहीत 'मी पळाले' असं न लिहिता 'मी थांबवलं' असं लिहायचं. जिचा आवाज चार महिन्यांपूर्वी फुटला नव्हता, तिच्यासाठी ही नोंद अंक उतरण्याहून मोठी आहे.

स्पर्श : थांबवण्याचा अभ्यास

वर्षभराने ती दुसऱ्या एका मुलाशी बोलू लागते. तो शांत आहे, घाई करत नाही. तिने त्याला मोघम सांगितलं आहे. एका संध्याकाळी तो तिच्या खांद्यावर हात ठेवतो आणि तिचं अंग आक्रसतं. तिने उपचारांत शिकलेलं तिला आठवतं : टिकून राहायचं, भीती आपोआप उतरेल. ती दात घट्ट मिटून बसून राहते. तो समजतो, तिला चालतंय.

नेमकं इथे नुकसान होतं. बसमध्ये तिला शिकायचं होतं की ही जागा धोक्याची नाही. जवळिकीत शिकायचं काही वेगळंच आहे : मी नको म्हटलं की ते ऐकलं जातं. त्या संध्याकाळी मोडलं होतं ते हेच. नको असतानाही सोसत बसल्याने मेंदू जुनाच धडा गिरवतो की शरीरावर माझं काही चालत नाही, आपण फक्त दूर कुठेतरी निघून जायचं. समोरचा माणूस कितीही चांगला असला तरी तो चांगला आहे हे तिच्या शरीराला कळायला मार्ग उरत नाही, कारण त्याची परीक्षाच झालेली नसते. म्हणून इथे नियम उलटतो. अस्वस्थता तीस-चाळीसच्या वर जाऊ लागली की थांबवायचं, ऐंशीची वाट बघायची नाही.

याची पद्धत लैंगिकतेचे संशोधक मास्टर्स आणि जॉन्सन यांनी 1970 मध्ये मांडलेल्या स्पर्शाच्या अभ्यासावरून घेतलेली आहे. मूळ अभ्यास जोडप्यांच्या लैंगिक अडचणींसाठी होता, आघातानंतर तो बदलून वापरतात. पहिली अट अशी की ठरवलेल्या काळात, म्हणजे काही आठवडे तरी, संभोग हा विषयच नाही, आणि हे दोघांनी स्पष्ट शब्दांत ठरवलेलं असतं. प्रत्येक स्पर्शामागे 'हे पुढे कुठे जाईल' ही धास्ती असते, ती याने निघून जाते. दुसरी अट, सुरुवातीला स्पर्श तिने करायचा. त्याचा हात, मनगट, पाठ, कपडे असताना, दहा-पंधरा मिनिटं. स्वतःला काय जाणवतं तेवढंच बघायचं, उबदार, खरखरीत, जड, असं. सुखाची अपेक्षा ठेवायची नाही, म्हणजे नापास होण्याचीही सोय राहत नाही. मग पाळी बदलायची, पण त्याचा हात कुठे ठेवायचा हे तिने आपल्या हाताने दाखवायचं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त वगळली जाणारी. दर वेळी एकदा तरी तिने 'थांब' म्हणायचं, काहीही बिनसलेलं नसताना. त्याने लगेच हात काढायचा, कारण विचारायचं नाही, तोंड पाडायचं नाही, 'एवढ्यात?' म्हणायचं नाही. पहिल्यांदा हे दोघांनाही नाटकी वाटतं. पण गरज पडेल त्या क्षणी हा शब्द जिभेवर तयार असायला हवा, आणि तो पाळला जातो याचा अनुभव शांतपणे आधीच जमा झालेला असायला हवा. पंधरा-वीस वेळा शब्द पाळला गेला की मोठ्या घोषणेशिवायच काहीतरी सैल होतं. एखाद्या दिवशी तीच विचारते, 'आज जरा जास्त वेळ बसूया?' पुढची पायरी त्या प्रश्नानंतरची असते, कॅलेंडर बघून ठरवलेली नसते.

हे बिघडत आहे हे कसं ओळखायचं? तिची नजर एका जागी खिळते, उत्तरं उशिरा आणि एकाक्षरी येतात, श्वास उथळ होतो, हात थंड पडतात, आणि नंतर विचारलं तर मधली काही मिनिटं तिला आठवत नाहीत. ती तिथे नाही, एवढाच याचा अर्थ, आणि तिने 'चालेल' म्हटलेलं असलं तरी तेव्हा थांबायचं. डोळे उघडे ठेवणं, दिवा लावणं, पाय जमिनीवर टेकवणं, गार पाण्याने मनगट धुणं, खोलीतल्या चार वस्तूंची नावं मोठ्याने घेणं, यांनी ती परत येते. मिठी मारून समजावू नये, त्या क्षणी मिठीही स्पर्शच असते.

शरीराचा आणखी एक भाग मनाच्या आधी नको म्हणतो. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. ते आपोआप आवळले जातात आणि संभोग, टॅम्पॉन, स्त्रीरोगतज्ज्ञाची तपासणी सगळंच दुखरं होतं. याला हट्ट किंवा थंडपणा म्हणणं चूक आहे. त्या स्नायूंचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट असतात, आणि तिथेही पहिला धडा हाच की तपासणी कधीही थांबवता येते. तपासणीच्या टेबलावरचा एक जुना अपमान तरी आता बेकायदा आहे. कौमार्याची दोन बोटांची चाचणी अवैज्ञानिक आहे, हे सेवाग्रामचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांच्या अभ्यासाने आणि त्यानंतर डॉ. रंजना पारधी यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दाखल केलेल्या याचिकेने चव्हाट्यावर आणलं. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये आणि पुन्हा 2022 मध्ये तिला स्पष्ट शब्दांत नाकारलं.

जिथे पद्धत अपुरी पडते

वरचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे : धोका संपलेला आहे. तो संपलेला नसेल तर ना पायऱ्या चालतात, ना स्पर्शाचा अभ्यास. लग्नातला नकोसा संभोग हे याचं मोठं उदाहरण. पत्नी अठरा वर्षांवरची असेल तर नवऱ्याने केलेल्या बळजबरीला आपला कायदा बलात्कार म्हणत नाही, तिच्या स्नायूंना मात्र हा अपवाद माहीत नसतो. अशा वेळी समुपदेशनात तिची भीती कमी करण्याच्या मागे लागणं म्हणजे धोक्याची सूचनाच बंद पाडणं. आधी सुरक्षितता हवी, आणि तिथे 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा उपयोगी पडतो, कारण त्यात लैंगिक छळ स्पष्टपणे नमूद आहे. तसंच, आत्महत्येचे विचार तीव्र असतील, दारू किंवा गोळ्यांवर भिस्त वाढली असेल, किंवा दिवसातून अनेकदा भान हरपत असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञाकडे स्थिरता आणावी आणि मग आघाताला हात घालावा.

आणि घरचे. सांगितल्यावर पहिली प्रतिक्रिया काय येते याचा पुढच्या लक्षणांशी जवळचा संबंध असतो. दोष देणारी, अविश्वासाची प्रतिक्रिया मिळालेल्यांना जास्त त्रास होतो, असं संशोधन सातत्याने सांगतं. आपल्याकडे ही प्रतिक्रिया बहुधा मायेच्या भाषेत येते. 'कुणाला सांगू नकोस, तुझं लग्न जमायचंय.' आई घाबरलेली असते हे खरं, पण मुलगी त्यातून एवढंच ऐकते की मी आता लपवण्यासारखी झाले. म्हणून कुणाला सांगायचं, किती सांगायचं आणि काय मुळीच सांगायचं नाही, हे समुपदेशकाबरोबर आधी बोलून घेणं शहाणपणाचं. सगळं सांगण्याचं कर्ज कुणाचंही नसतं, होणाऱ्या नवऱ्याचंही नाही. त्याला अभ्यासापुरतं कळलं तरी पुरतं : मला अचानक मागून धरू नकोस, आणि थांब म्हटलं की थांब.

मदत शोधताना दोन गोष्टी आधीच विचाराव्यात : तुम्ही आघातावरच्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलंय का, आणि बैठकीत मी मध्येच थांबा म्हटलं तर तुम्ही काय कराल? या प्रश्नांनी जो चिडतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. पुण्यात नारी समता मंचासारख्या संस्थांनी 1980 च्या दशकापासून स्त्रियांसाठी हे काम केलं आहे. ससूनमध्ये आणि कात्रजजवळच्या भारती रुग्णालयात मनोविकार विभाग आहेत. पोलिसांत गुन्हा नोंदवला असेल तर राज्याच्या 'मनोधैर्य' योजनेतून आर्थिक मदत आणि समुपदेशन मिळू शकतं, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. आणि कुठेच जायची तयारी नसेल, तर 14416 या केंद्र सरकारच्या टेलिमानस क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही बोलता येतं.